दीर्घ मुदतीच्या वैद्यकीय रजेचा अर्ज

दिनांक : 15 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, जुन्नर, जि. पुणे

मार्फत : मा. मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा, माळवाडी

विषय : वैद्यकीय कारणास्तव 60 दिवसांची परिवर्तित रजा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : 1) महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981
2) वैद्यकीय प्रमाणपत्र, दि. 12 नोव्हेंबर 2025

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी या शाळेत उपशिक्षिका असून माझ्याकडे इयत्ता पाचवीचा वर्ग आहे. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकल्याने डाव्या पायाच्या नसेवर दाब आला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर फळ्यापाशी दहा मिनिटेही सलग उभे राहता येत नाही. पाय बधिर होतो. गुरुवार, दि. 20 नोव्हेंबर रोजी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर पूर्ण विश्रांती घ्यावी, वाकणे, वजन उचलणे व दुचाकीचा प्रवास टाळावा, असे अस्थिरोग शल्यचिकित्सकांनी संदर्भ क्र. 2 च्या प्रमाणपत्रात नमूद केले आहे.

तरी दि. 19 नोव्हेंबर 2025 ते 17 जानेवारी 2026 या 60 दिवसांची परिवर्तित रजा मंजूर व्हावी व रविवार, दि. 18 जानेवारीची सुट्टी रजेस जोडून उपभोगण्याची परवानगी मिळावी. माझ्या खाती 164 दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक असून त्यातून 120 दिवस खर्ची टाकण्यास माझी संमती आहे.

मा. मुख्याध्यापकांच्या संमतीने वर्गाचा कार्यभार श्रीमती शिंदे, उपशिक्षिका यांच्याकडे मंगळवार, दि. 18 रोजी देत आहे. हजेरीपत्रक, मूल्यमापनाच्या नोंदी व कपाटाच्या चाव्या त्यांच्या ताब्यात राहतील. शिष्यवृत्ती परीक्षेचा गणिताचा अभ्यासक्रम अपूर्णांकांपर्यंत झाला आहे. उरलेल्या घटकांच्या सराव प्रश्नपत्रिका काढून ठेवल्या आहेत. वर्गातील चार मुले अजून जोडाक्षरे अडखळत वाचतात. त्यांना परिपाठानंतर रोज वीस मिनिटे वेगळे बसवते. हा क्रम तुटला तर मुले मागे पडतील, म्हणून कोणाचे कुठे अडते ते प्रत्येकाच्या नावासमोर वहीत लिहून दिले आहे.

पोषण आहाराचे काम श्री. गायकवाड, उपशिक्षक पाहतील. शिल्लक तांदूळ व डाळीचे आम्ही दोघांनी काल समक्ष वजन केले. साठा नोंदवहीशी जुळला असून दोघांच्या सह्या आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठ दिवस वगळता वर्गाबाबत दूरध्वनीवर माहिती देण्यास मी उपलब्ध राहीन. सोमवार, दि. 19 जानेवारी 2026 रोजी तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासह रुजू होईन. मुदत वाढवण्याचा वैद्यकीय सल्ला मिळाल्यास रजा संपण्यापूर्वीच लेखी कळवीन.

कृपया रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
श्रीमती मनीषा द. पवार
उपशिक्षिका, जि. प. प्राथमिक शाळा, माळवाडी

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र, एमआरआय अहवालाची प्रत, कार्यभार हस्तांतरण यादी