दगडावरून भिंतीवर : जुन्या शिळाछाप देवचित्रांचं प्रदर्शन, १० जानेवारीपासून पुण्यात

कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेऊन बसलेली सरस्वती आपल्या घराघरांत आहेत. देवघरावर, दुकानाच्या गल्ल्यामागे, आजोळच्या माजघरात. ती चित्रं दगडावरून छापली जायची, आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा. हे काम डोळ्यांसमोर होताना पाहता यावं म्हणून हे प्रदर्शन मांडलं आहे.

पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेली चित्रशाळा आणि मुंबईत १८९४ मध्ये उभा राहिलेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना, या दोन ठिकाणांहून निघालेली चित्रं प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी आहेत. एकूण ६४ चित्रं, सगळी खासगी संग्रहांतून आलेली. चित्रशाळेचं रामपंचायतन आणि मराठेशाहीतल्या व्यक्तींची चित्रं पहिल्या खोलीत, रविवर्मा छापखान्याची दुसऱ्या खोलीत. जरी-टिकल्या लावून सजवलेल्या देवींच्या तसबिरी शेवटच्या कपाटात आहेत. तिकडे जायला विसरू नका, कारण ती सजावट घरच्या बायकांनी हातानं केलेली आहे आणि एकीसारखी दुसरी नाही.

मधल्या खोलीत चुनखडीचे दगड आणि चालू हातदाबाचं यंत्र आहे. इथे पाच रंगांचं कमळ छापलं जाईल. दगड वाळू-पाण्यानं घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, मग डिंकात थोडं आम्ल मिसळून फिरवायचं. त्यानंतर दगड ओला ठेवला की मोकळी जागा पाणी धरते आणि तेलकट शाई फक्त रेघांना चिकटते. ऐकायला सोपं आहे. अवघड पुढेच असतं : दुसरा रंग पहिल्याच्या बरोबर वर बसवणं. कागद दमट हवेत फुगतो, केसभर सरकतो आणि ओठांचा लाल रंग गालावर उतरतो. अशी ‘सरकलेली’ चार चित्रं आम्ही मुद्दाम लावली आहेत. चांगल्या छपाईमागे किती नेमका हात होता, हे त्यांच्याशेजारी उभं राहिलं की लगेच कळतं. त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावंही चित्रावर नाहीत.

यायचं आणखी एक पक्कं कारण. घरातलं जुनं चित्र खरं शिळाछाप आहे की नंतरची ऑफसेट प्रत, हे ओळखायला तुम्ही इथे शिकाल. तिकीट खिडकीवर दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळेल (१०० रुपये अनामत, परत करताना लगेच मिळतील). भिंगाखाली ऑफसेटचे ठिपके ठरावीक ओळींत, फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. शिळाछापात ते हातानं टाकलेले, लहानमोठे, बेशिस्त असतात. दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत.

दर गुरुवारी दुपारी ३ ते ५ या वेळात घरच्या तसबिरीचे फोटो आणा : एक समोरून, एक मागून, एक कोपऱ्याचा अगदी जवळून. आमचे जतनतज्ज्ञ बघून सांगतील. किंमत सांगितली जाणार नाही. आणि कृपया काच स्वतः उघडू नका. दमटपणानं रंग काचेला चिकटलेला असेल तर काचेबरोबर चेहराच निघून येतो.

कधी : शनिवार १० जानेवारी ते रविवार ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. सोमवारी बंद, फक्त २६ जानेवारीचा सोमवार चालू. उद्घाटन १० तारखेला संध्याकाळी साडेपाचला. निमंत्रण लागत नाही, प्रवेश मोफत, आणि ६ वाजता पहिली छपाई.

प्रवेश : ५० रुपये, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर २०, बारा वर्षांखालील मुलांना आणि दर बुधवारी सर्वांना मोफत. रोख किंवा यूपीआय दोन्ही चालेल. शाळांनी चार दिवस आधी कळवलं तर ३० मुलांच्या गटाला सकाळी १० वाजता दार उघडून देऊ.

छपाई शनिवारी-रविवारी साडेअकरा आणि साडेचारला. खोली लहान आहे, एका वेळी २० माणसं. नाव अर्धा तास आधी खिडकीवर नोंदवा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. रविवारी दुपारी गर्दी होते. निवांत बघायचं असेल तर मंगळवार किंवा शुक्रवारची सकाळ उत्तम.

दालनात उजेड मुद्दाम मंद आहे, कारण प्रखर प्रकाशानं हे रंग उडतात. आत आल्यावर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. फोटो काढा, फ्लॅश नको. पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या खिडकीवर ठेवाव्या लागतील.

कुठे : आमचं दालन, सदाशिव पेठ, तळमजला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाजूच्या दारानं. दुचाकी अंगणात लावता येते, चारचाकीला जागा नाही. मंडई मेट्रो स्थानकावरून रिक्षानं येणं सोयीचं. शेवटचा प्रवेश साडेसहाला.