'गुडघाभर पाणी': निर्मितीचं वेळापत्रक आणि अंदाजपत्रक

नेरूळ, २८ डिसेंबर २०२५

केतकी,

शनिवारी ठरल्याप्रमाणे सगळं एका जागी मांडलं आहे. आपली आधीची फिल्म सत्तर सेकंदांवर थांबली, ती गोष्ट फसली म्हणून नाही. आपण तास कधी मोजलेच नव्हते. या वेळी पैशांआधी तास मोजले आहेत आणि तासांआधी चित्रं. नीट वाच आणि जिथे पटत नाही तिथे लाल पेनाने खूण कर.

फिल्म किती मोठी आहे

एकूण १८० सेकंद, २४ फ्रेम्सचा वेग, म्हणजे ४,३२० फ्रेम्स. शीर्षकाची ६ आणि श्रेयनामावलीची १८ सेकंद वजा जाता १५६ सेकंद राहतात, ३४ शॉट्समध्ये. सगळं 'टूज'वर, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं धरून काढलं तर १,८७२ चित्रं होतात.

नोव्हेंबरमध्ये केलेला चार सेकंदांचा चाचणी शॉट आठवतो ना? ४८ चित्रांना साडेतीस तास लागले. रफ १२ मिनिटं, क्लीन-अप १८, रंग ८, मिळून एका चित्रामागे ३८ मिनिटं. त्या हिशेबाने १,८७२ चित्रांना जवळजवळ १,१८६ तास लागतील. तेही फक्त ॲनिमेशनला. हे आपल्या दोघांना झेपणारं नाही, म्हणून शॉट्सचे तीन गट केले:

- पूर्ण ॲनिमेशन: ४२ सेकंद, सेकंदाला १२ चित्रं, एकूण ५०४
- मर्यादित (आजीचं फक्त डोकं किंवा हात हलतो, चालण्याची सायकल पुन्हा वापरतो): ७४ सेकंद, सेकंदाला सरासरी ४, एकूण २९६
- स्थिर (खाडी, आकाश, कॅमेऱ्याची सरक, पाण्याचा लूप): ४० सेकंद, सेकंदाला १, एकूण ४०

बेरीज ८४० चित्रं, ५३२ तास. हा ८४० चा आकडा भिंतीवर लावू. स्टोरीबोर्डमध्ये एखादा शॉट वाढवावासा वाटला तर तेवढी चित्रं दुसरीकडून कमी करायची.

शॉट १७ मात्र वेगळा. आजी गुडघाभर पाण्यात उभी आहे, रोहित पक्ष्याचा पाय जाळ्यात अडकलाय आणि तिची बोटं एकेक गाठ सोडवतायत. पाच सेकंद, ६० चित्रं, ३८ तास. आपल्या दोघांचा मिळून अख्खा आठवडा. दिवाळे कोळीवाड्यात त्या मावशी जाळं विणत होत्या तेव्हा तू त्यांच्या अंगठ्याची जी स्केचेस केलीस, अंगठा दोऱ्याखाली जातो, नख गाठीत शिरतं आणि मग गाठ सैल पडते, ते सगळं या शॉटमध्ये आलंच पाहिजे. पैसे संपले, वेळ संपला तरी १७ ला कात्री लागणार नाही. फिल्म याच शॉटसाठी करतोय.

आपल्याकडे तास किती

माझी ऐरोलीची नोकरी सांभाळून आठवड्याच्या चार संध्याकाळी दोन-दोन तास आणि शनिवारचे सहा, असे माझे १४. तुझी बाहेरची कामं धरून तुझे २४. एकूण ३८. तू 'तीस करीन' म्हणालीस, पण मी २४ च धरले आहेत. मार्चमध्ये तुझ्याकडे शाळेच्या पुस्तकांची कामं येतात, तेव्हा तीस जमणार नाहीत.

कामाची बेरीज अशी: स्टोरीबोर्ड ४०, ॲनिमॅटिक २४, पात्रं आणि रंगयोजना ३६, लेआउट ५१, बॅकग्राउंड ११४ (१९ बॅकग्राउंड, प्रत्येकी सहा तास), ॲनिमेशन ५३२, दुरुस्त्या ८०, कॉम्पोझिटिंग ६८, आवाज ४६, शेवटचं मास्टरिंग २०. एकूण १,०११ तास. त्यातले तुझे ६३७, माझे ३७४. दुरुस्त्यांचे ८० म्हणजे ॲनिमेशनच्या १५ टक्के. जास्त वाटतील, पण चाचणी शॉटमध्ये आजीचा पदर तीनदा बदलावा लागला होता.

वेळापत्रक

सोमवार ५ जानेवारी ते रविवार १६ ऑगस्ट २०२६, ३२ आठवडे. कामाचे २७, तुझ्या भावाच्या लग्नाचा एक आणि चार मोकळे. गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्याआधी फिल्म हातावेगळी झालेली हवी.

| आठवडे | तारखा | काम |
|---|---|---|
| १–३ | ५–२५ जानेवारी | स्टोरीबोर्ड, पात्रं, रंगयोजना (तू). ॲनिमॅटिक, लेआउटची सुरुवात (मी) |
| ४ | २६ जाने.–१ फेब्रु. | मोकळा, ॲनिमॅटिक पक्कं |
| ५–८ | २ फेब्रु.–१ मार्च | लेआउट (मी), बॅकग्राउंड (तू), खाडीवरचं रेकॉर्डिंग, आजीचा आवाज |
| ९–२६ | २ मार्च–५ जुलै | ॲनिमेशन. ४–१० मे सुट्टी |
| २७ | ६–१२ जुलै | मोकळा |
| २८–३० | १३ जुलै–२ ऑगस्ट | उरलेल्या दुरुस्त्या (तू), आवाजाचं मिश्रण, सबटायटल्स, डीसीपी (मी) |
| ३१–३२ | ३–१६ ऑगस्ट | मोकळे |

१ फेब्रुवारीनंतर ॲनिमॅटिकमध्ये सेकंद वाढणार नाहीत, कमी झाले तर चालतील. लांबी त्या दिवशी कायम होते. त्यानंतर केलेला प्रत्येक बदल आधी काढलेली चित्रं फेकायला लावतो.

सगळ्यात अडून राहणारी तारीख खाडीची आहे. रोहित पक्षी साधारण मे अखेरपर्यंत असतात, पुढे पाऊस. म्हणून रेकॉर्डिंग फेब्रुवारीतच, २१ आणि २२ तारखेला. १७ ला अमावास्या आहे, त्यामुळे त्या आठवड्यात उधाण असेल आणि ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडेल. ओहोटीला पक्षी चिखलावर चरतात, भरतीला नेरूळच्या पाणथळीवर येऊन थांबतात. दोन्ही वेळचा आवाज हवा, कारण फिल्मही ओहोटीत सुरू होऊन भरतीत संपते. नेमक्या वेळा कोष्टक बघून आदल्या आठवड्यात ठरवू. होडी भांगाच्या दिवसांत घ्यायची नाही, तेव्हा पाणी पुरेसं उतरत नाही.

ॲनिमेशनचे १७ आठवडे हा खरा डोंगर. आठवड्याला ५० चित्रं: तुझी ३६, माझी १४. ५०४ पूर्ण ॲनिमेशनची चित्रं तुझीच, कारण आजीची रेघ तुझ्या हाताची आहे. शिवाय मर्यादित गटातली ११०. उरलेली २२६ माझी. कॉम्पोझिटिंग शेवटासाठी साठवायचं नाही. ३४ शॉट्स, १७ आठवडे, आठवड्याला दोन शॉट पक्के करून मी तुला दाखवत जाईन. तसं केलं तर जुलैत मला फक्त आवाज आणि मास्टरिंग उरतं.

रविवारी रात्री चित्रं मोजायची. सलग दोन आठवडे ४० च्या खाली आलो तर चर्चा करत बसायचं नाही. ९, २२ आणि २८ या क्रमाने एकेक शॉट पूर्णमधून मर्यादित गटात जाईल. तिन्ही तीन-तीन सेकंदांचे आहेत, प्रत्येकात २४ चित्रं आणि १५ तास वाचतात. कोणते शॉट कापायचे हे आज, डोकं शांत असताना ठरवलं आहे, म्हणून ते बदलू नये अशी विनंती.

फाइल्स

नाव असं: `gp_sh17_anim_v03`. कुठेही "final" लिहायचं नाही. दोन हार्ड डिस्क, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे, शनिवारी एकमेकांशी जुळवायच्या. मी ठाणे–नेरूळ लोकलने येतोच.

अंदाजपत्रक

सॉफ्टवेअरवर जवळजवळ काहीच खर्च नाही: क्रिटा, ब्लेंडर, ओपनटून्झ आणि डीसीपी-ओ-मॅटिक मोफत आहेत, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आपल्याला पुरते. आवाजासाठी रीपरचा ६० डॉलरचा परवाना तेवढा घ्यायचा. तुझा पेन डिस्प्ले आणि माझा कॉम्प्युटर आहे तोच.

| बाब | रुपये |
|---|---|
| दोन हार्ड डिस्क, २ टीबी | १३,००० |
| यूपीएस | ६,००० |
| पेनच्या निब | १,५०० |
| रीपर परवाना | ५,५०० |
| रेकॉर्डर आणि माइक, दोन दिवस भाडं | ३,००० |
| होडी, रिक्षा | ३,००० |
| आजीचा आवाज, मानधन | ८,००० |
| आवाजासाठी स्टुडिओ, ३ तास × १,२०० | ३,६०० |
| संगीत, वादकासह | २५,००० |
| अंतिम मिश्रण, ८ तास × १,५०० | १२,००० |
| सबटायटल्सचं भाषांतर, तपासणी | ३,००० |
| पडद्यावर डीसीपी तपासणं | ५,००० |
| महोत्सवांची प्रवेश फी | २०,००० |
| वीज, इंटरनेट, ८ महिने × १,००० | ८,००० |
| शनिवारचा चहा-नाश्ता, २७ × १५० | ४,०५० |
| करार: स्टॅम्प पेपर, नोटरी | १,००० |
| उपबेरीज | १,२१,६५० |
| राखीव | १४,३५० |
| एकूण | १,३६,००० |

प्रत्येकी ६८,०००. फेब्रुवारी अखेरपर्यंत यातले ३९,१०० लागतील (डिस्क, यूपीएस, निब, करार, खाडी आणि आजीचा आवाज), शिवाय चहा-नाश्ता आणि वीजबिल. संगीताचे निम्मे पैसे ॲनिमेशन अर्ध्यावर आल्यावर. महोत्सवाच्या २०,००० ना ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही, कितीही अडलं तरी. फिल्म पूर्ण करून ती कुणाला दाखवता आली नाही तर सात महिन्यांचं काम डिस्कवर पडून राहील.

आजीच्या आवाजाचं मानधन कमी करू नये असं मला मनापासून वाटतं. आठ वाक्यं आहेत, पण ती आगरी-कोळीत आहेत, आणि ती बोली आपली नाही. ज्या मावशी बोलणार आहेत त्यांच्या जिभेवर ती आहे. संवाद त्यांनी बदलले तर बदललेलेच घ्यायचे आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव बोलीच्या सल्लागार म्हणूनही द्यायचं.

राखीव रक्कम बारा टक्क्यांच्या आसपास आहे. रंगात मागे पडलो तर एखाद्या विद्यार्थ्याकडून चित्रामागे ४० रुपयांनी २०० चित्रं रंगवून घेता येतील: ८,००० रुपये जातात, २६ तास वाचतात.

आपली मेहनत

ही वरच्या तक्त्यात नाही, पण लिहून ठेवलीच पाहिजे. तासाला ३५० रुपये धरले तर तुझे २,२२,९५० आणि माझे १,३०,९००, एकूण ३,५३,८५०. म्हणजे फिल्मची खरी किंमत ४,८९,८५०, आणि त्यातला मोठा भाग आपण न घेतलेल्या पगाराचा आहे. बक्षीस किंवा विक्रीतून पैसे आले तर आधी दोघांचे रोख ६८,००० परत, नंतरचे ६३ आणि ३७ टक्के, तासांच्या प्रमाणात. प्रत्यक्ष तास वेगळे निघाले तर प्रमाण बदलेल, म्हणून रोजचे तास वहीत लिहायचे, अर्धा तास झाला तरी. तू मागच्या वेळी कधी मागितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. ते माझं चुकलं.

४ जानेवारीच्या रविवारी कराराचा मसुदा आणि पहिले २०,००० घेऊन येतो. तू ९, २२ आणि २८ चे थंबनेल्स काढून ठेव, मर्यादित गटात ते कसे दिसतील हे त्याच दिवशी बघू.