दोन दारांची पडवी

घर एकच, चिऱ्याचं. मालकीण आक्का लालबागला राहायच्या, मे महिन्यात आणि गणपतीला यायच्या. मधल्या खोलीत प्लायवूड मारून त्यांनी घराचे दोन भाग केले होते. पडवी सामाईक, दारं दोन. एका दारामागे एसटीचे कंडक्टर, वय पन्नाशीचं. दुसऱ्यामागे कागलहून आलेली, मालवणातल्या एका खाजगी दवाखान्यात लागलेली सिस्टर.

ती आली तौक्ते वादळानंतरच्या पावसाळ्यात. छपराच्या एका कोपऱ्यावर तेव्हा अजून निळी ताडपत्री होती. तिची ड्यूटी आठ ते आठ. कंडक्टर वस्तीच्या गाडीवर, म्हणजे दुपारी चारला निघून रात्री शेवटच्या गावात मुक्काम आणि सकाळी साडेनऊला परत. सुट्टी दोघांची सोमवारीच, पण सोमवारी ते डेपोतूनच कुडाळकडची गाडी धरून घरी जायचे. त्यामुळे एकाच्या दाराला कुलूप असल्याशिवाय दुसऱ्याचं कुलूप निघत नसे.

पहिली चिठ्ठी तिने लिहिली. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, पाठच्या पांढऱ्या बाजूवर: 'नळाला पाणी साडेसहाला येतं आणि साडेसातला जातं. तुम्ही तेव्हा नसता. पिंप बाहेर ठेवलंत तर भरून ठेवीन. – शेजारीण.' पुठ्ठा दुमडून कडीत अडकवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या कडीत तिकिटाच्या मशीनमधल्या कागदाची गुंडाळी होती. रोल संपत आला की कागदाच्या कडेला गुलाबी पट्टा उमटतो. तसं शेपूट मशीनमधून काढून टाकावंच लागतं, ते यांनी जपून ठेवलेलं दिसत होतं. अक्षर बारीक, धावत्या गाडीत लिहायची सवय असलेलं. 'पिंप ठेवलं आहे. उपकार. काल दुपारी सर आली तेव्हा तुमचे कपडे काढून पडवीतल्या दोरीवर टाकले. लहान कपड्यांना हात लावला नाही, ते भिजले. माफी असावी.'

ती रात्री साडेआठला दारातच उभी राहून हसली. उत्तर लिहिलं: 'काका, लहान कपडे आता आत वाळत घालते.'

मग हे चालूच राहिलं. पिंप तिने भरायचं, कपडे त्यांनी काढायचे. वस्तीच्या गावात कंडक्टरला लोक काहीबाही देतात, त्यातला वाटा दारात यायचा. आमसुलं, भाजलेल्या काजूबिया, एकदा तिरफळं. तिरफळं कागलात कुणी पाहिली होती! 'हे मिऱ्यासारखं काय आहे?' तिने विचारलं. त्यावर कागदाची हातभर पट्टी आली, आणि यावेळी शुद्ध भाषेचं भान सुटलेलं होतं. 'तां तिरफळ. आतली काळी बी फेकून देवा, साल तेवढी घेवा. बांगड्याच्या तिखल्यात पाच-सहा, जरा ठेचून. वाटणात वाटू नकात, कडू होतला. मासे संध्याकाळचे घेवा, सकाळचे उरलेले गळ्यात मारतत.' तिने केलं. पहिल्या घासाला जिभेला मुंग्या आल्या. तसं लिहिलंही. उत्तर एका ओळीचं: 'म्हणजे बरोबर झाला.'

सप्टेंबरात त्यांनी बिचकत विचारलं की संध्याकाळी पाय सुजतात, उभ्याच्या नोकरीमुळे असेल का. तिने विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? कडीत रिकामी स्ट्रिप आली. अ‍ॅम्लोडिपीन. तिने आपलं बीपीचं मशीन पिशवीत घालून त्यांच्या दाराला टांगलं आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. (बोलणार कुणाशी, हे नंतर तिच्या लक्षात आलं.) या गोळीने काही जणांचे पाय सुजतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. परवा आकडा आला, १६८/१०२. तिने पेन दाबून लिहिलं: 'आजच्या आज जा.' पुढच्या चिठ्ठीत होतं: 'गेलंय. डॉक्टर आरडले. गोळी बदलली. तुमचां नाव सांगूक नाय, शेजारीण म्हटलंय.'

नाव तिलाही ठाऊक नव्हतं. मीटरच्या बिलावर आक्कांचंच असायचं.

ऑक्टोबर सरता सरता एसटीचा संप सुरू झाला. एका रात्री ती परतली तर त्यांच्या दाराला कुलूप नव्हतं, बाहेर चपला होत्या आणि फटीतून उजेड येत होता. प्लायवूडपलीकडे कुणीतरी खोकलं. तिला आपल्याच खोलीत चोरासारखं वाटायला लागलं. भांडं हळू ठेवलं, फोनवर आईशी हळू बोलली. खरं तर दार वाजवून 'काका, मी शेजारची' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण त्या माणसाला तिने लहान कपड्यांबद्दल लिहिलं होतं, त्याने तिला बीपी कळवलं होतं. आता समोरासमोर 'जेवलात का' म्हणायचं?

तिने पुठ्ठा दाराखालून सरकवला. 'चपलांवरून कळलं आत आहात. पिंप?'

कागद उलटून तोच परत आला, पलीकडून, तिच्या पायाशी. तिला त्यांच्या बोटांची टोकं दिसली. 'आता मी आहे. दोन्ही पिंपं मीच भरीन. तुम्ही झोपा अर्धा तास जास्त.'

सकाळी ती बाहेर पडेपर्यंत त्यांचं दार लागलेलं असे, आणि ती फाटकापर्यंत गेली की मागे कडी वाजे. तिने कधी वळून पाहिलं नाही. पगार बंद होता, हे दोघांपैकी कुणी लिहिलं नाही. ती फक्त कधी भाकरी जास्त करायची आणि लिहायची, 'पीठ जास्त मळलं गेलं.' ते लिहायचे, 'उद्या कमी मळा,' आणि डबा घासून त्यात शेवग्याच्या शेंगा ठेवायचे. जानेवारी सरल्यावर ते देवगडला आंब्याच्या पेट्या भरायला जाऊ लागले. कागद आता आंब्याच्या पेटीतला, त्याला पेंढ्याचा वास.

कोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं होतं. त्या आठवड्यात गुलाबी पट्टा पुन्हा कडीत आला: 'पिंप उद्यापासून तुमच्याकडे.'

मे महिन्यात आक्का आल्या. पावसाआधी कौलं परतायची म्हणून त्यांनी कंडक्टरना त्या सोमवारी थांबवून घेतलं. सिस्टर घरात होती. वर पावलं वाजली, एकेक कौल निघालं, तिच्या खोलीत धूळ आणि उन्हाचा चौकोन पडला. ती पीठ चाळायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली.

आक्का दारात आल्या. "गो, तो वर तापलो आसा. चाय टाकलंय. ये भायर, ओळख तरी करून देतंय. वर्ष होयत इला, एकमेकांचां तोंड बघूक नाय म्हणजे काय?"

"नको आक्का."

"कित्याक?"

"चिठ्ठीत लिहीन मी."

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग, मुंबईला असले प्रकार त्यांनी पुष्कळ बघितले असल्यासारखं, मान हलवत चहा घेऊन गेल्या.

मंगळवारी रात्री कडीत कागद होता.

'आक्कांनी सांगितलां तुम्ही नको म्हणालात. बरां केलात. माका पण विचारल्यानी, मी शिडी मागच्या बाजूक लावून उतरलंय. तुमच्या खोलीवरची सात कौलां फुटकी होती, बदलली. बीपी १३८/८६. आक्कांनी फणस दिलो तो बरको निघालो, गरे आक्कांकडे ठेवलंय. हाताक तेल लावल्याशिवाय हात घालू नकात.'