लाटीचा भाव

माघ संपत आला होता आणि आमच्या गच्चीवर वर्षातली पहिली वाळवणे पडू लागली होती. अशा एका दुपारी लक्ष्मीपुरीतले एक मोठे किराणा व्यापारी शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचा जिना चढून वर आले. आज्जी तेव्हा पीठ कुटत होती. उडदाचे पीठ आदल्या रात्री पापडखाराच्या उकळून गार केलेल्या पाण्यात घट्ट भिजवून ठेवलेले असते. सकाळी त्याला तेलाचा हात लावत दगडावर मुसळाने इतके कुटावे लागते की शेवटी ते ओढले तर तुटण्याऐवजी ताणले जाते. हे काम मध्येच सोडता येत नाही. त्यामुळे शेठजींना खाटेवर बसायला सांगून आज्जीने आणखी दहा मिनिटे मुसळ चालूच ठेवले, आणि मला वाटते, ते तिने थोडे मुद्दामच केले असावे.

मग पिठाची लांब सुरळी करून, अंगठ्याला गुंडाळलेल्या दोऱ्याने सारख्या लाट्या कापत तिने विचारले, "काय काम काढलासा, शेठ?"

काम मोठे होते. मंडईतल्या एका गिऱ्हाईकाकडे त्यांनी आमचा पापड खाल्ला होता आणि त्यांना दर महिन्याला २०० किलो माल हवा होता. माल सुटा द्यायचा, पिशवी आणि लेबल त्यांचे, विक्री पुण्या-मुंबईत. वर्षभराची बोली होती. आज्जी कपिलतीर्थ मंडईजवळ बसून आणि ओळखीच्या घरांत देऊन उन्हाळ्याच्या चांगल्या महिन्यात ७० किलोच्या वर कधी गेली नव्हती, आणि पावसाळ्यात तर तो आकडा १५ किलोवर येत असे. तेव्हा २०० हा शब्द ऐकून शालनमावशीचे लाटणे पोळपाटावर थांबलेले मी पाहिले.

"आणि दर?" आज्जीने विचारले.

"दोनशे दहा. पैसे साठ दिवसांनी."

आमची किरकोळ विक्री ३२० रुपये किलोने होते. आज्जी काही बोलली नाही. तिने गॅसवर एक पापड भाजला आणि ताटलीत ठेवून शेठजींपुढे सरकवला. त्यांनीही पिशवीतून एक पुडा काढून, "आत्ता हा माल घेतो मी, एकशे नव्वदला," असे म्हणत तो तिच्या हाती दिला. आज्जीने त्यातला एक कच्चा पापड मोडून तुकडा जिभेवर ठेवला आणि दुसरा भाजला. तो भाजताना कडेने लालसर पडला.

"खार जास्ती झालाय. आन पीठ सगळं उडदाचं न्हाई, तांदूळ हाय ह्यात."

"गिऱ्हाइकाला कुठं कळतंय, आज्जी? तुम्हीबी थोडं मिसळा की. परवडंल." शेठजी हसत म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे नोंदवायला हवे. त्यांचे बोलणे सरळ होते आणि त्यांनी उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत स्वतःहून दिली.

त्या संध्याकाळी मी हिशेब मांडला. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरातले सगळे आकडे माझ्याच वहीत असतात. दहा किलो डाळीचे १,३०० रुपये, दळणाचे ८०, मिरीचे १८०, हिंगाचे ६०, खार आणि मिठाचे ६०, तेलाचे १५० असे एकूण १,८३० रुपये होतात आणि त्यातून वाळलेला पापड साधारण ११ किलो निघतो. म्हणजे किलोला १६६ रुपये तर सामानालाच जातात. लाटणाऱ्या बायकांना आज्जी किलोमागे ५० रुपये देते. बेरीज २१६. शेठजींचा भाव २१०. म्हणजे दर किलोला सहा रुपये आणि महिन्याला १,२०० रुपये पदरचे घालून आम्ही त्यांना पापड पुरवणार होतो. कुटण्याची मजुरी, म्हणजे आज्जीच्या खांद्याची किंमत, त्यात धरलेलीच नव्हती.

शिवाय साठ दिवसांची उधारी. महिन्याचे सामान ३३,२०० रुपयांचे, म्हणजे पहिला पैसा हाती येईपर्यंत ६६,४०० रुपये अडकणार, आणि तेवढे आणायचे तर बचत गटाचे कर्ज काढावे लागणार. मी गेल्या दिवाळीत उद्यम नोंदणी करून घेतली होती. त्यामुळे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, हेही मी आज्जीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "कायदा बरोबर असंल. पर त्याच्या दारात उभं राहून तो कोण दाखवणार, तू का मी?"

माझ्या मते विषय तिथेच संपला होता. आज्जीच्या मते तो सुरूसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघीजणी लाटायला बसल्या तेव्हा तिने सगळे त्यांच्यापुढे ठेवले. शेठजींचा भाव, डाळीचा भाव, आणि शेवटी ही गोष्ट की लाटण्याची मजुरी ५० वरून ३५ वर आणली तर किलोमागे नऊ रुपये सुटतात आणि ऑर्डर घेता येते. मला वाटले होते की बायका चिडतील. तसे काही झाले नाही.

शालनमावशीने पापड पोळपाटावरून उचलून साडीवर अलगद पसरला आणि म्हणाली, "घ्या की, आक्का. पस्तीस तर पस्तीस. दोनशे किलोचं सात हजार हुत्यात. आषाढात घरी बसून काय मिळतंय, शून्यच की." तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला आहे आणि मुलगा आय.टी.आय.ला आहे. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेले. बाकीच्या तिघींपैकी एकीने मान हलवली, दोघी गप्प राहिल्या. आज्जीही गप्प राहिली. तिने फक्त लाट्यांवरचे ओले फडके नीट केले.

रात्री जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज आला म्हणून मी उठून गेले. आज्जीने भिंतीवरचे घड्याळ उतरवून समोर टेकवून ठेवले होते आणि ती एकटीच लाटत होती. तिने मोजून नव्वद लाट्या घेतल्या होत्या, कारण आमच्या मापाच्या नव्वद पापडांचा एक किलो होतो. मी बोलायला गेले तर तिने डोळ्यांनीच गप्प केले. तिचे वय ७१ आहे. पापड मधोमध जाड राहू नये म्हणून ती लाटणे कडेकडेने फिरवते आणि प्रत्येक पापड उचलून दिव्यासमोर धरते. पलीकडचा उजेड सगळीकडून सारखा दिसला तरच तो खाली ठेवते. शेवटचा पापड पसरला तेव्हा एक तास चाळीस मिनिटे झाली होती.

"शालनचा हात माझ्यापेक्षा चपळ हाय," ती बोटे चोळत म्हणाली. "तिला सव्वा तास पुरंल. सव्वा तासाला पस्तीस रुपये." थोडा वेळ थांबून तिने विचारले, "कोपऱ्यावर मिसळ कितीला हाय गं आता?"

मी सांगितले. तिने घड्याळ परत खिळ्याला अडकवले आणि झोपायला गेली.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस तिने ह्या विषयावर अवाक्षर काढले नाही. मी मात्र रोज वेगवेगळी गणिते करत होते, कारण शालनमावशीचे शून्य माझ्याही डोक्यातून जात नव्हते. नकार देणे आम्हाला सोपे होते. आमचे घर बाबांच्या पगारावर चालते आणि आज्जीचा धंदा बुडाला तरी आमच्या ताटातली भाकरी कमी होणार नव्हती. नकाराची किंमत जिला मोजायची होती ती तर हो म्हणून मोकळी झाली होती.

आठव्या दिवशी शेठजी आले. आज्जीने त्यांना चहा दिला आणि माझी वही मागून घेतली, पण उघडली नाही, नुसती मांडीवर ठेवली.

"दोनशे दहाला जमत न्हाई, शेठ. दोनशे चाळीस. महिन्याला साठ किलो, वैशाखापर्यंत. मिरगाचा पाऊस लागला की बंद."

"पावसाळ्यातच तर मागणी असते, आज्जी. ड्रायर लावा. मी बघतो पाहिजे तर कुणाकडं स्वस्तात मिळतंय का."

"पापड आधी सावलीत वाळला पाहिजे, मग ऊन दाखवायचं. नुसत्या तापात घातला तर कडा वळत्यात आन हात लावला की तडकतो. मशीन असंल चांगलं, मला त्यातलं कळत न्हाई, आन मला कळत न्हाई त्याच्यासाठी मी कर्ज काढणार न्हाई. पैसे निम्मे मालाबरोबर, निम्मे दीड महिन्याच्या आत. आन पीठ सगळं उडदाचंच."

शेठजी २२० वर आले. मग २२५ वर आले. मी मनात पटकन वजाबाकी केली. २२५ ला किलोमागे नऊ रुपये सुटत होते, मजुरीला हात न लावता. मी आज्जीकडे पाहिले. तिलाही ते कळले होते, कारण तिचा अंगठा वहीच्या कडेवर फिरत होता. पण कुटणे तिचे होते, फुटका माल तिच्या अंगावर पडणार होता आणि उधारीचे व्याजही तिच्याच नावावर चढणार होते. ती चाळीसवरच राहिली.

"कळवतो," म्हणून ते उठले. जिन्यापर्यंत गेल्यावर त्यांनी मागे वळून ताटलीतला भाजलेला पापड उचलला आणि खातखात उतरले.

शालनमावशीला हे सांगण्याचे काम आज्जीने माझ्यावर टाकले नाही. तिने स्वतःच सांगितले, आकड्यांसकट. मावशीने "बरं" इतकेच उत्तर दिले. त्या दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर घरी गेली आणि पुढचे दोन दिवस आली नाही. आज्जी तिच्या जागी कुणाला बसू देत नव्हती. तो पोळपाट तसाच भिंतीला टेकून राहिला.

आठवड्याने शेठजींच्या दुकानातला मुलगा दुचाकीवर दोन रिकामे डबे बांधून आला. २० किलो हवे होते, २४० ने, आणि त्याने सगळे ४,८०० रुपये रोख मोजून दिले. पुढचे काय, ते शेठजींनी काही सांगितले नव्हते. आज्जीने तराजू काढला, डबे आधी रिकामे तोलले, आणि वरचा थर फुटू नये म्हणून मध्ये कागद घालत माल भरून दिला.

मजुरीचे हजार रुपये होत होते, ते वाटताना शालनमावशी आलेली होती. आपल्या वाट्याचे अडीचशे तिने दोनदा मोजून कमरेच्या पिशवीत सरकवले.

"पुढच्या हप्त्याला येतोय का ओ तो?" तिने विचारले.

"ठाऊक न्हाई," आज्जी म्हणाली आणि भिंतीला टेकलेला पोळपाट तिच्यापुढे सरकवून लाट्यांवरचे फडके बाजूला केले.