कानबाईवरच्या माझ्या पोस्टबद्दल

नमस्कार ॲडमिन,

मी अमळनेरहून लिहितेय. काल तुमच्या पेजवर कानबाईच्या रोटांची जी पोस्ट टाकली आहे, ती माझी आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसली, त्याच रात्री मी ती माझ्या पेजवर लिहिली होती. तुम्ही मजकूर शब्दन् शब्द उचललाय. माझ्या आजीचं अहिराणीतलं बोलणंही तसंच आहे. फोटोतला नथ घातलेला नारळ आमच्याच देव्हाऱ्यातला. खालच्या कोपऱ्यात माझं नाव होतं, तेवढी पट्टी कापली गेली आहे.

खान्देशातल्या चालीरीती लोकांपर्यंत पोहोचाव्यात, हीच माझीही इच्छा आहे, त्यामुळे शेअर करायला माझी ना नाही. पण खाली लोक 'काय सुंदर लिहिलंय ॲडमिन' म्हणताहेत आणि तुम्ही धन्यवाद देताय, हे वाचून फार वाईट वाटलं. ती माहिती मी घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून, विचारून विचारून गोळा केली आहे.

पोस्ट एडिट करून सुरुवातीलाच माझं नाव आणि मूळ पोस्टची लिंक द्या, फोटोही न कापलेला लावा. कमेंटमध्ये नाव टाकलेलं चालणार नाही, तिथे कोणी बघत नाही. ते जमणार नसेल तर पोस्ट काढून टाका. उद्या संध्याकाळपर्यंत करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला आपल्या लिखाणावर नावाचा हक्क दिलेला आहे. काहीच झालं नाही तर मला फेसबुककडे रीतसर तक्रार करावी लागेल. दोन्ही पोस्टचे तारखेसह स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

उत्तराची वाट बघते.