७५ तांब्यांच्या ऑर्डरबद्दल

नमस्कार अपर्णाताई,

काल दुकानात गर्दी होती, तुमच्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून हा मेसेज. जरा लांबलाय, सवडीने वाचा.

सगळ्यात आधी, काकांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आमचा नमस्कार त्यांना सांगा. तुमच्या आजीचा बंब आमच्याच आळीत घडलेला, हे काल तुमच्याकडून कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

आता ऑर्डरचं. ७५ मठारलेले तांबे, प्रत्येकावर काकांचं नाव, येत्या रविवारपर्यंत, आणि ९५० च्या जागी ५७० रुपयांत. ताई, या मुदतीत आणि या भावात हे मला जमणार नाही. ‘बघतो’ म्हणून तुम्हाला शनिवारपर्यंत टांगून ठेवणं बरोबर नाही, म्हणून आजच सांगतो.

भावाचा हिशोब उघडच सांगतो. एका तांब्याला साधारण ४०० ग्रॅम पत्रा जातो. आजच्या भावाने तेच ४६० च्या आसपास होतात, वर कतरण निघते ती मोडीच्या भावाने जाते. ५७० मध्ये राहिले ११० रुपये. त्यात जोड, मठारकाम, पॉलिश आणि नाव कोरणाऱ्याची मजुरी बसवायची. कारागिराच्या पोटाला चिमटा काढल्याशिवाय ते बसत नाही, आणि ते मी करणार नाही.

वेळेचं म्हणाल तर एक तांब्या नीट मठारायला तास-सव्वातास लागतो. ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, ओळीत पडला पाहिजे, नाहीतर उजेडात धरल्यावर पत्र्याला देवी आल्यासारखं दिसतं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग मध्येच तापवून मऊ करावं लागतं. घाईत ते टाळलं तर काठाला चीर जाते. माझ्याकडे मठारायला दोघेच आहेत. ते दिवसाला दहा-बारा नग काढतात, म्हणजे नुसत्या मठारकामालाच आठवडा झाला. शिवाय त्यांच्या हातात आधीच एका देवळाच्या घंगाळांचं काम आहे. ते अर्ध्यावर थांबवून तुमचं घेतलं, तर उद्या तुमचं थांबवून तिसऱ्याचं घेईन.

तुम्ही मोबाइलवर दाखवलेला ४९९ चा तांब्या खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यावरचे ठोके साच्यातून उठवलेले दिसतात. सगळे एकसारखे आहेत, फोटो मोठा करून बघा. पत्राही पातळ असावा. घ्यायचाच असेल तर आधी एक मागवा, काट्यावर टाका, काठ अंगठ्याने दाबून बघा. दबला नाही तर खुशाल घ्या, मला राग नाही.

माझ्याकडून काय होईल ते सांगतो. मठारलेले १८ तांबे तयार आहेत. घरच्या ज्येष्ठांना आणि गुरुजींना ते द्या. एवढ्यांवर नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत कोरून मिळेल. आमचे कोरणारे काका ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढतात. पूर्ण नाव आणि तारीख दोन्ही हवं असेल तर मात्र अक्षरं बारीक येतील. मला विचाराल तर नुसतं नाव घ्या. बाकी ५७ जणांना तांब्याची साधी फुलपात्रं द्या, ती जाड आहेत, शिल्लकही आहेत, २१० ला एक. त्यांवर नाव होणार नाही.

एकत्र घेताय म्हणून तांब्यामागे ४० रुपये कमी करतो. १८ तांबे ९१० ने १६,३८० आणि फुलपात्रांचे ११,९७०, मिळून २८,३५० रुपये. तुम्ही धरलेल्या रकमेच्या बरंच आत बसतंय. फुलपात्रावर आणखी कमी होणार नाही, त्यात मुळात काही सुटतच नाही. प्रत्येक नगासोबत ‘यात ताक, लिंबू सरबत ठेवू नये’ अशी चिठ्ठी देतो, तिचे पैसे नाहीत. पाहुण्यांना सांगायचं राहून जातं आणि मग दुसऱ्या दिवशी भांडं हिरवं पडलं म्हणून फोन येतात.

आणि ७५ च्या ७५ मठारलेलेच हवे असतील, तर रविवारी काकांच्या हातून १८ द्या आणि उरलेले पाच आठवड्यांनी घरपोच करा. ते नाव घालून ९१० ने देईन, पण आधी निम्मी रक्कम लागेल.

उद्या दुपारी बारापर्यंत कळवलंत तर १८ नग बाजूला काढून ठेवतो. त्यानंतर कोणी मागितले तर मला नाही म्हणता येणार नाही. फोनऐवजी मेसेजच करा, ठोकाठोकीत रिंग ऐकू येत नाही. नाव कसं लिहायचं तेही त्यातच पाठवा, काकांचं ‘श्रीकृष्ण’ की ‘कृष्णाजी’ हे काल माझ्या नीट लक्षात आलं नाही.

आपला,
सतीश
तांबट आळी, कसबा पेठ