सर्पदंशाच्या पोस्टरचा ब्रीफ – कराड तालुका, पावसाळ्याआधी लावायचंय

नमस्कार ताई,

काल फोनवर बोललो त्याप्रमाणे सगळं एका ठिकाणी लिहून पाठवतोय, जरा लांब झालंय पण एकदा निवांत वाचा म्हणजे नंतर परत परत फोन नकोत. आमचा ग्रुप म्हणजे साप पकडून सोडणारी पोरं, दोन शिक्षक आणि एक आशाताई. दर पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला घरचे आधी मांत्रिकाकडे नेतात, पाय दोरीने करकचून बांधतात, मग कडुलिंबाचा पाला खायला देऊन कडू लागतोय का बघत बसतात आणि तासभर असाच जातो. पोस्टरचं काम एकच, तो तास वाचवायचा. सापांची माहिती देणं हे दुसऱ्या नंबरला, त्यामुळे डिझाइन करताना कुठं अडलात तर हेच डोक्यात ठेवून ठरवा.

कोण बघणार: भातलावणीला आणि भांगलणीला जाणाऱ्या बायका, रात्री पाणी पाजायला जाणारे शेतकरी, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी माणसं. यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि पोस्टर लागणार डेअरीच्या भिंतीवर, रेशन दुकानात, शाळेत, एसटी स्टॉपवर, म्हणजे दुधाचा नंबर येईपर्यंत उभं राहून माणूस जेवढं बघेल तेवढंच. म्हणून चित्रं आधी, अक्षरं नंतर. मजकूर झाकला तरी काय करायचं ते कळलं पाहिजे, तुम्ही स्वतः ही टेस्ट करून बघा आणि मगच ड्राफ्ट पाठवा.

साइज: मेन पोस्टर ए३ उभं, २९७ बाय ४२० मिमी, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, सीएमवायके, ३०० डीपीआय. छापणार नॉन-टिअरेबल शीटवर कारण पावसात कागद आठवडाभरपण टिकत नाही. त्याच्यावरून एक फ्लेक्स, ३ फूट रुंद ४ फूट उंच. ए३ नुसतं ताणलं तर प्रमाण बिघडतं, त्यामुळे फ्लेक्सचा लेआउट वेगळा बसवावा लागेल, त्यात फक्त हेडिंग, करा-करू नका आणि १०८ एवढंच, साप नाही टाकले तरी चालतील. तिसरं व्हॉट्सअ‍ॅपसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल. ते फॉरवर्ड होत होत पार धुरकट होतं म्हणून त्यात बारीक अक्षर अजिबात नको.

रंग: पाठीमागे फिकट, पांढरं किंवा हलकं क्रीम, म्हणजे सापाचे पट्टे-ठिपके उठून दिसतील. 'करू नका' लाल, 'करा' हिरवं, पण नुसत्या रंगावर विसंबू नका, लालला मोठी फुली आणि हिरव्याला टिक पाहिजेच. ग्रामपंचायतीत कोणीतरी याची ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स मारणार हे नक्की, त्यातही फरक कळायला हवा. बाकी पूर्ण भगवं किंवा पूर्ण निळं पोस्टर करू नका, गावात रंग बघून लोक पक्ष ठरवतात आणि मग अर्धी गल्ली पोस्टर वाचतच नाही 😄 कवटी, रक्त, फणा काढून अंगावर येणारा साप हेही नको. घाबरलेला माणूस आणखी घाबरतो आणि साप दिसला की काठी घेऊन धावतो.

मजकूर: खाली दिलाय तोच, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून दिलेला आहे त्यामुळे जागा कमी पडली तरी शब्द स्वतःहून बदलू नका, मला सांगा.

हेडिंग: साप चावला? बांधू नका, थांबू नका, सरकारी दवाखान्यात चला!

करा:
धीर द्या, चालवू नका.
अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी काढा.
चावलेला हात-पाय हलू देऊ नका, फळी किंवा काठीचा आधार द्या.
१०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

करू नका:
दोरीने आवळू नका.
ब्लेड मारू नका, चोखू नका.
पाला, मिरची, दारू काही देऊ नका.
मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका.

मग चार सापांची पट्टी:
नाग – फणा काढतो.
मण्यार – काळा, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. रात्री अंथरुणात चावतो, दुखत नाही, सूज नाही, तरी दवाखान्यात चला.
घोणस – अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार.
फुरसे – लहान, दगडाखाली, अंग घासून करकर आवाज.
पट्टीखाली: साप ओळखता आला नाही तरी चालेल. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत.

मण्यारचं वाक्य जरा मोठं आहे ते माहितीये, पण ते कापायचं नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, डोळ्याच्या पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं अपचन झालंय, चावल्याची खूणसुद्धा सापडत नाही. चौघांत त्याला जास्त जागा दिलीत तरी माझी हरकत नाही, शेजारी जमिनीवर झोपलेल्या बाईचं छोटं चित्र टाका.

तळाला एक पांढरी पट्टी, साधारण ४ सेंमी, मोकळी सोडा. तिथं प्रत्येक गावात आम्ही जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर मार्करने लिहिणार आहोत. लोगो एकच, ग्रामपंचायतीचा, तोही कोपऱ्यात. पुढाऱ्यांचे फोटो येणार नाहीत, कोणी तुम्हाला परस्पर फोन करून सांगितलं तरी नाही.

सापांचे फोटो आम्हीच काढलेले आहेत, ड्राइव्हवर टाकलेत, तेच वापरा. इंटरनेटवर 'कोब्रा' टाकलं की किंगकोब्रा येतो आणि तो आपल्याकडे नाहीच, घोणस म्हणून अजगर पण येतो. चित्रातली माणसं आपल्याकडची दिसू देत, साडी खोचलेली बाई, टोपीवाले आबा, पायात चप्पल.

फॉन्ट युनिकोडच, मुक्ता किंवा बालू चालेल. मराठी ल आणि श पाहिजे, हिंदीवाला नको. सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्यावर वेलांटी उलटी पडते आणि जोडाक्षरं फुटतात ते एकदा झूम करून बघा. हेडिंग रस्त्यावरून दिसावं, बाकी अक्षर ए३ वर २८ पॉइंटच्या खाली नको.

तारखा: १० मेपर्यंत नुसतं पेन्सिलचं रफ, फोटो काढून पाठवलं तरी चालेल. १६ मेला पहिला ड्राफ्ट, तो आम्ही डेअरीवर चार बायकांना दाखवणार आणि त्या काय म्हणतात ते तुम्हाला कळवणार. २३ मेला फायनल. २५ ला प्रेसला देतोय, १ जूनच्या आत भिंतीवर लागलंच पाहिजे कारण एकदा पाऊस सुरू झाला की सगळी शेतात असतात आणि आम्ही सापांच्या कॉलवर. बदल दोनदा, त्याच्यापुढं लागले तर वेगळे पैसे सांगा, संकोच नको.

फायनलला प्रिंटची पीडीएफ (अक्षरं आउटलाइन करून), ओपन फाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं जेपीजी. ओपन फाइल यासाठी की शेजारच्या तालुक्यातल्या पोरांनाही छापायचंय, तुमचं नाव कोपऱ्यात बारीक असू द्या.

पैसे ७,००० ठरलेत, निम्मे आधी निम्मे फायनलला. वर्गणीतले आहेत त्यामुळे बिल लागेल. तारखा जमत असतील तर आज रात्रीपर्यंत हो म्हणा आणि क्यूआर पाठवा, उद्या सकाळी अ‍ॅडव्हान्स टाकतो.